घटक ४ : मराठीतील बलदर्शक निपात – ‘च’, ‘ही’ आणि ‘पण’

४.० उद्दिष्टे

हा घटक अभ्यासल्यानंतर तुम्हांला –

• ‘च’, ‘ही’ आणि ‘पण’ हे निपात वाक्यात कोणत्या पदाला लागले आहेत, हे पाहून वाक्याचा नेमका अर्थ सांगता येईल.
• ‘च’ काय वगळतो आणि ‘ही’ काय गृहीत धरतो, यांतील फरक स्पष्ट करता येईल.
• उभयान्वयी ‘पण’ आणि निपात ‘पण’ वेगळे ओळखता येतील.
• इंग्रजीतील आघात आणि मराठीतील निपात यांचे साम्य कोठपर्यंत आहे व ते कोठे संपते, हे सांगता येईल.

४.१ प्रस्तावना

मागील घटकात आपण विकारी शब्दांची रूपे पाहिली. या घटकात ज्यांना स्वतःचे रूप बदलता येत नाही, वाक्याच्या आरंभी सहसा उभे राहता येत नाही, आणि तरीही वाक्याचा रोख ठरवता येतो, अशा तीन लहान शब्दांचा विचार करावयाचा आहे.

पुढील साधे वाक्य घ्या : ‘मी सुमतीला काल पुस्तक दिले.’

हेच वाक्य इंग्रजीत ‘आय गेव्ह सुमती द बुक यस्टरडे’ असे होईल. इंग्रजी बोलणारा मनुष्य यातील कोणत्याही एका शब्दावर आवाजाचा जोर देतो आणि त्या त्या वेळी वाक्याचा रोख बदलतो. ‘आय’वर जोर दिला, तर देणारा मी होतो, दुसरा कोणी नव्हे; ‘यस्टरडे’वर दिला, तर काल दिले, आज किंवा परवा नव्हे. शब्द तेच आणि त्यांचा क्रमही तोच; बदलतो तो केवळ स्वर. हेच वाक्य कागदावर उतरले की तो स्वर नाहीसा होतो. वाचकाला जोर कळावा म्हणून लेखकाला तिरपा टाइप वापरावा लागतो, किंवा वाक्याची रचनाच बदलावी लागते.

मराठीत पाहा :

१) मीच सुमतीला काल पुस्तक दिले.
२) मी सुमतीलाच काल पुस्तक दिले.
३) मी सुमतीला कालच पुस्तक दिले.
४) मी सुमतीला काल पुस्तकच दिले.
५) मी सुमतीला काल पुस्तक दिलेच.

येथे जोर कोठे आहे, हे सांगण्यासाठी आवाजाची गरज नाही. ‘च’ हे अक्षर ज्या पदाला चिकटले, तेथे जोर आहे. म्हणजे इंग्रजीत जे काम मुख्यतः आघात करतो, त्यातील मोठा भाग मराठीत निपात करतात आणि ते लेखनातही टिकून राहते. मात्र या एका वाक्यावर थांबलो, तर आपण चुकू. निपात ‘जोर देतात’ असे म्हटल्याने त्यांचे कार्य सांगितले जात नाही. जोर कशासाठी, काय नाकारण्यासाठी किंवा काय जोडण्यासाठी, हे ठरवणे हाच या घटकाचा विषय आहे.

४.२ विषय-विवेचन

४.२.१ निपात म्हणजे काय?

यास्काने ‘निरुक्ता’त पदांचे नाम, आख्यात, उपसर्ग आणि निपात असे चार वर्ग मानले. त्यांतील ‘निपात’ ही संज्ञा आपण येथे वापरत आहोत. शालेय व्याकरणात ‘च, ही, पण, सुद्धा, देखील, मात्र’ यांना ‘शुद्ध शब्दयोगी अव्यये’ म्हणतात, कारण ती जोडली असता आधीच्या शब्दाचे सामान्यरूप होत नाही. ‘घर’ या शब्दाला ‘समोर’ जोडले की ‘घरासमोर’ होते. ‘च’ जोडला की ‘घरच’ राहते. हे निरीक्षण बरोबर आहे. पण त्यामागचे कारण महत्त्वाचे आहे. ‘समोर’ हा शब्द घराचा वाक्यातील दुसऱ्या कशाशी तरी संबंध सांगतो. ‘च’ असा कोणताही संबंध सांगत नाही. तो संबंध आधीच पूर्ण झालेल्या पदाला येऊन मिळतो. म्हणूनच विभक्तिप्रत्यय आणि शब्दयोगी अव्यय आधी लागतात व निपात शेवटी : सुमतीलाच, घरातच, घरासमोरही.

निपात ज्या पदाला लागतो, त्याला आपण ‘आश्रयपद’ म्हणू. आश्रयपद बदलले की अर्थ बदलतो, हे एका जोडीवरून स्पष्ट होईल :

६) चोर माझ्याच घरात शिरला.
७) चोर माझ्या घरातच शिरला.

वाक्य ६ मध्ये इतरांची घरे वगळली आहेत : गल्लीत दहा घरे असताना नेमके माझे घर. वाक्य ७ मध्ये घराबाहेरच्या जागा वगळल्या आहेत : अंगणात किंवा पडवीत नव्हे, थेट घरात. ‘च’ एका पदाने पुढे सरकला आणि तक्रारीचा विषय बदलला.

‘च’चा इतिहासही थोडक्यात पाहू. जुन्या मराठीत याचे रूप ‘चि’ असे आढळते. शके १२१२ मधील ‘ज्ञानेश्वरी’त ते वारंवार येते. बाराव्या शतकातील हेमचंद्राने आपल्या प्राकृत व्याकरणात ‘चेअ, चिअ, च्च’ हे अवधारणार्थी शब्द सांगितले आहेत. ‘अवधारण’ म्हणजे मर्यादा घालून निश्चित करणे. आपला ‘च’ या कुळातला आहे, आणि ‘अवधारण’ ही संज्ञा त्याच्या कार्याचे ‘जोर’ या शब्दापेक्षा अधिक नेमके वर्णन करते.

४.२.२ ‘च’ : काय वगळले?

संस्कृतात ‘च’चे काम ‘एव’ हा निपात करतो. सातव्या शतकातील बौद्ध तर्कशास्त्रज्ञ धर्मकीर्ती याने ‘एव’च्या अर्थाचे तीन प्रकार दाखवले आणि पुढे नैयायिकांनीही ती विभागणी वापरली. तिचे सार असे की, ‘एव’ काहीतरी वगळतो. काय वगळतो, ते त्याच्या स्थानावर अवलंबून असते. परंपरेतील उदाहरणे मराठीत मांडली तर अशी होतील :

८) पार्थच धनुर्धर आहे.
९) शंख पांढराच असतो.

वाक्य ८ मध्ये ‘च’ उद्देश्याला लागला आहे. त्याने पार्थाखेरीज इतर सर्व वगळले. (श्रेष्ठ) धनुर्धरपण दुसऱ्या कोणाकडे नाही. मात्र पार्थ आणखी काही असण्याला, उदाहरणार्थ नर्तनशिक्षक असण्याला, या वाक्याची हरकत नाही. वाक्य ९ मध्ये ‘च’ विधेयाला लागला आहे. येथे शंखाचा पांढरेपणाशी संबंध नसण्याची शक्यता वगळली. मात्र शंखाखेरीज दूध, कापूस किंवा बगळा पांढरा असण्याला हरकत नाही. ‘शंखच पांढरा असतो’ असे म्हटले, तर वाक्य ताबडतोब असत्य होते, कारण दूधही पांढरे असते. शब्द तेच, ‘च’ची जागा वेगळी; एक विधान खरे आणि दुसरे खोटे. ‘च’ ही केवळ भावनेची छटा नाही, तो विधानाच्या सत्यासत्यतेला स्पर्श करतो, हे यावरून सिद्ध होते.

तिसऱ्या प्रकारात ‘एव’ क्रियापदाला लागतो. परंपरेतील उदाहरण निळ्या कमळाचे आहे. कमळ निळे असणे मुळीच संभवत नाही, असे कोणी म्हणत असेल, तर ते ‘मुळीच नसणे’ येथे वगळले जाते. सर्व कमळे निळी आहेत, असे येथे म्हणावयाचे नाही. याचे मराठीकरण करताना एक गंमत दिसते. ‘कमळ निळे असतेच’ असे म्हटले, तर मराठी श्रोता ‘प्रत्येक कमळ’ असा अर्थ घेण्याचा संभव आहे. अपेक्षित अर्थ आपण ‘कमळ निळेही असते’ असा सांगतो. म्हणजे संस्कृतात ‘एव’कडे असलेला एक प्रांत मराठीत ‘ही’कडे गेला आहे. दोन भाषांतील निपात एकास एक जुळत नाहीत, याचे हे चांगले उदाहरण आहे.

मराठीत क्रियापदाला लागणारा ‘च’ बहुधा शंकेला किंवा विरोधी अपेक्षेला उत्तर देतो. ‘मी सुमतीला काल पुस्तक दिलेच’ हे वाक्य, देऊ नकोस असे कोणी सांगितले असेल किंवा दिले की नाही याविषयी शंका असेल, तेव्हाच शोभते. ‘न देणे’ ही शक्यता येथे वगळली जाते. नकारवाक्यात हाच ‘च’ नकार संपूर्ण करतो : ‘तो बोलला नाही’ याचा अर्थ त्या प्रसंगी गप्प राहिला, ‘तो बोललाच नाही’ म्हणजे बोलण्याची क्रिया मुळात घडली नाही. याच वर्गातील ‘आलोच’ हे रूप लक्षात ठेवण्याजोगे आहे. दारातून हाक आली, की घरातला मनुष्य ‘आलोच!’ म्हणतो. रूप भूतकाळाचे, अर्थ नजीकच्या भविष्याचा. न येण्याची व उशिराची शक्यता तो त्या एका अक्षराने मिटवून टाकतो.

संख्या आणि काळ यांच्या बाबतीत आणखी एक गोष्ट पाहावी लागते. ‘पाचच माणसे आली’ यात पाचाहून अधिक संख्या वगळली आहे. म्हणून अर्थ ‘केवळ पाच’ असा होतो. ‘मी उद्याच निघतो’ यात उद्यानंतरचे दिवस वगळले आहेत. येथे ‘केवळ उद्या’ असा अर्थ नाही, ‘उद्यापलीकडे थांबणार नाही’ असा आहे. ‘तो कालच आला’ यात कालच्या आधीचे दिवस वगळले आहेत. म्हणून ‘अगदी अलीकडे आला’ असा अर्थ मिळतो. तिन्ही ठिकाणी ‘च’ एकच आहे. आश्रयपद एखाद्या चढत्या-उतरत्या क्रमात बसत असेल, तर त्या क्रमाची कोणती बाजू वगळली, हे संदर्भावरून ठरते. भाषांतर करणारा विद्यार्थी प्रत्येक ‘च’साठी इंग्रजीत ‘ओन्ली’ लिहितो, तेव्हा त्याची चूक नेमकी येथे होते.

४.२.३ ‘ही’ : काय गृहीत धरले?

‘च’ वगळतो, तर ‘ही’ जोडतो. ‘सुमतीही आली’ या वाक्यात दोन गोष्टी आहेत. एक, सुमती आली, हे सांगितले जाते. दुसरी, सुमतीखेरीज आणखी कोणी तरी आले, हे न सांगता गृहीत धरले जाते. या दुसऱ्या गोष्टीला ‘पूर्वगृहीत’ म्हणतात. पूर्वगृहीताची ओळख पटवण्याची साधी कसोटी अशी, की वाक्य नकारार्थी किंवा प्रश्नार्थक केले तरी काही तरी मागे शिल्लक राहते. ‘सुमतीही आली का?’ असे विचारणारा सुमतीविषयी प्रश्न करतो. पण दुसरे कोणी आले, हे तो धरूनच चालतो. ‘सुमतीही आली नाही’ यात दुसरे कोणी तरी आले नाही, हे धरलेले असते.

संख्यावाचकांपाशी ‘च’ आणि ‘ही’ यांचा विरोध फार स्वच्छ दिसतो :

१०) आम्ही दोघेच गेलो.
११) आम्ही दोघेही गेलो.

वाक्य १० मध्ये तिसरा वगळला आहे. वाक्य ११ मध्ये दोघांपैकी कोणी मागे राहण्याची शक्यता संपवली आहे. तिसऱ्याविषयी काहीच म्हटलेले नाही. ‘अर्जावर दोघांनीही सही करावी’ आणि ‘अर्जावर दोघांनीच सही करावी’ ही वाक्ये म्हणूनच दोन निराळे नियम होत. पहिल्यात एकाची सही राहिली तर अर्ज अपुरा ठरेल; दुसऱ्यात तिसऱ्याने सही केली तर अर्ज सदोष ठरेल.

प्रश्नार्थक सर्वनामांना व तज्जन्य शब्दांना ‘ही’ लागला की निवड मोकळी होते : कोणीही, कुठेही, केव्हाही, काहीही. ‘दोघांपैकी कोणीही सही करावी’ म्हणजे एकाची पुरे, तो कोणता हे मोकळे. याउलट ‘कोणीच’ हे रूप सामान्यतः नकाराच्या सोबतीनेच येते : ‘कोणीच आले नाही’ हे योग्य, ‘कोणीच आले’ हे अयोग्य. एका टोकाला ‘ही’ लागला, तर मधले सगळे आपोआप आत येते. ‘हे लहान मूलही सांगेल’ यात मोठ्यांचा उल्लेख नाही, पण ज्याच्याकडून अपेक्षा सर्वांत कमी तो सांगेल, तर बाकीचे सांगतीलच, असा निष्कर्ष श्रोता काढतो. ‘एकही आला नाही’ यातील संपूर्ण नकार याच रीतीने सिद्ध होतो.

४.२.४ ‘पण’ : एक रूप, अनेक कार्ये

‘पण’ हा शब्द आपण प्रथम उभयान्वयी अव्यय म्हणून शिकतो : ‘मी गेलो, पण तो भेटला नाही.’ बोलीत मात्र तो ‘ही’चे कामही करतो : ‘मी पण येतो.’ ग्रांथिक भाषेत जेथे ‘ही’ किंवा ‘देखील’ येईल, तेथे घरगुती बोलण्यात ‘पण’ सहज येतो. दोन्ही कार्ये वेगळी ओळखण्यासाठी तीन गोष्टी पाहाव्यात. पहिली, विराम : उभयान्वयी ‘पण’च्या आधी विराम असतो, निपात ‘पण’ आधीच्या शब्दाला टेकून उच्चारला जातो. दुसरी, पर्याय : ‘परंतु’ बसला तर उभयान्वयी, ‘सुद्धा’ बसला तर निपात. तिसरी, स्थान : उभयान्वयी ‘पण’ दोन वाक्यांच्या सांध्यावर असतो.

१२) खूप वाट पाहिली, पण सुमती आली नाही.
१३) खूप वाट पाहिली, सुमती पण आली नाही.

वाक्य १२ मध्ये वाट सुमतीची पाहिली होती. वाक्य १३ मध्ये आधी दुसरे कोणी आले नाही, आणि मग सुमतीही आली नाही. ‘पण’ आणि ‘सुमती’ यांनी केवळ जागा बदलल्या आहेत.

क्रियापदानंतरचा ‘पण’ अनेकदा अपेक्षेपेक्षा लवकर घडलेल्या गोष्टीविषयीचे आश्चर्य दाखवतो : ‘ती गेली पण!’ म्हणजे एवढ्यात गेलीसुद्धा. आज्ञार्थानंतर तो अधीरता दाखवतो : ‘अरे, सांग पण!’ येथे ‘परंतु’ बसत नाही आणि ‘सुद्धा’ही बसत नाही. यात जोडण्याचा अर्थ जवळजवळ विरून बोलणाऱ्याची वृत्ती तेवढी उरली आहे. ‘तू पण ना!’ हा उद्गार याच जातीचा.

लेखनाविषयी एक सूचना. ‘च’ आणि ‘ही’ नेहमी आधीच्या शब्दाला जोडून लिहावेत. ‘सुद्धा’ व ‘देखील’ हेही जोडून लिहितात. निपात ‘पण’ मात्र व्यवहारात सुटा लिहिला जातो, आणि ते सोयीचे आहे. ‘मी पण’ म्हणजे मीसुद्धा. ‘मीपण’ म्हणजे अहंकार. दुसऱ्या रूपातील ‘पण’ हा भाववाचक नाम साधणारा प्रत्यय आहे, निपात नव्हे.

४.२.५ एका जबानीचे विश्लेषण

आता आतापर्यंतचे विवेचन एका कल्पित उताऱ्याला लावून पाहू. घरातून पैशांचे पाकीट नाहीसे झाले आहे आणि पुतण्या आपली हकीगत सांगत आहे :

“त्या दिवशी घरात आम्ही दोघेच होतो, तात्या आणि मी. तात्यांनी पाकीट माझ्याकडेच दिले. आतले पैसे मी मोजलेच नव्हते. रात्री धाकटे काकाही आले. सकाळी कपाट उघडले, तर पाकीट नव्हतेच.”

प्रथम सर्व निपात काढून वाचा : घरात आम्ही दोघे होतो, पाकीट माझ्याकडे दिले, पैसे मी मोजले नव्हते, रात्री धाकटे काका आले, पाकीट नव्हते. घटनांची यादी बिनचूक राहिली आहे. निपातांबरोबर काय गेले, ते आता पाहू.

‘दोघेच’ यातील ‘च’ने तिसरी व्यक्ती वगळली होती. ‘माझ्याकडेच’ यातील ‘च’ने इतर सांभाळणारे वगळले होते, म्हणजे पुतण्या जबाबदारी टाळत नाही, ती स्वतःवर घेतो. ‘मोजलेच नव्हते’ यात मोजण्याची क्रिया समूळ नाकारली आहे. असा नकार बहुधा कोणाच्या तरी संशयाला उत्तर म्हणून येतो. पैसे कमी भरल्याचा आरोप आधी झाला असावा, असे येथे सूचित होते.

सर्वांत महत्त्वाचा आहे ‘काकाही’ यातील ‘ही’. तो धाकट्या काकांच्या आधी किंवा सोबत आणखी कोणी तरी आले, असे गृहीत धरतो. पण आलेल्या दुसऱ्या कोणाचा उल्लेख पुतण्याने केलेलाच नाही, आणि पहिल्या वाक्यात तर घरात दोघेच असल्याचे तो सांगतो. येथे दोन शक्यता संभवतात. ‘आम्ही दोघे होतोच, त्यात काकांची भर पडली’ एवढाच अर्थ त्याच्या मनात असेल. किंवा त्या रात्री आणखी कोणी येऊन गेले असेल आणि ते त्याच्या बोलण्यातून नकळत बाहेर पडले असेल. कोणती शक्यता खरी, हे व्याकरण सांगू शकत नाही. मात्र ‘आणखी कोण आले होते?’ हा प्रश्न विचारलाच पाहिजे, हे ते निश्चित सांगते. निपात गाळून केलेल्या टिपणात किंवा भाषांतरात हा प्रश्न उरतच नाही.

आता ‘ही’ एका पदाने मागे न्या : ‘रात्रीही धाकटे काका आले.’ येथे दुसरी व्यक्ती नाहीशी झाली. काका दिवसाही एकदा येऊन गेले होते, हे नवे पूर्वगृहीत आले. इंग्रजी भाषांतरात दोन्ही वाक्यांसाठी ‘ऑल्सो’ हा एकच शब्द, तोही वाक्यातील एकाच जागी, येऊ शकतो. बोलताना इंग्रज मनुष्य ‘काका’वर किंवा ‘रात्री’वर आघात देऊन फरक करील, कागदावर फरक राहणार नाही. अशा वेळी भाषांतरकाराने वाक्याची रचना बदलून पूर्वगृहीत उघड शब्दांत मांडणे आवश्यक ठरते.

४.२.६ साम्याची मर्यादा

इंग्रजीतील प्रत्येक आघाताच्या जागी मराठीत निपात येतो, असा समज करून घेऊ नये. ‘पुस्तक कोणी दिले?’ या साध्या प्रश्नाचे इंग्रजी उत्तर देताना ‘आय’वर आघात येतो. मराठीत उत्तर ‘मी दिले’ असे आहे. ‘मीच दिले’ असे नाही. ‘मीच दिले’ हे उत्तर देणारा कबुली देत असतो, किंवा दुसऱ्या कोणावर आलेला आळ दूर करत असतो. नवी माहिती पुरवणे आणि पर्याय वगळणे या दोन वेगळ्या क्रिया आहेत. इंग्रजीचा आघात दोन्हींसाठी येतो, मराठीचा ‘च’ फक्त दुसरीसाठी.

नवी माहिती दाखवण्यासाठी मराठी बहुधा पदक्रम वापरते. महत्त्वाचे पद क्रियापदाच्या लगत आणते : ‘पुस्तक सुमतीला मी दिले.’ शिवाय मराठीलाही स्वराघात आहेच. निपात लागलेल्या पदावर बोलताना आवाज सहसा चढतो. म्हणजे निपात आघाताची जागा पूर्णपणे घेत नाही. तो आघाताचा रोख निश्चित करतो व तो लेखनात टिकवतो.

शेवटी, काही शब्दांत ‘च’ इतका मुरला आहे की तो वेगळा काढता येत नाही : लगेच, उगाच, मुळीच. ‘तोच सदरा’ यात ‘च’ने ‘पूर्वीचाच, दुसरा नव्हे’ हा अर्थ आणला आहे. येथे वगळण्याचे मूळ कार्य अद्याप दिसते. ‘उगाच’मध्ये ते शोधू जाऊ नये.

स्वयं-अध्ययनासाठी प्रश्न

१. पुढील जोड्यांतील अर्थभेद सांगा.
(अ) आईलाच विचारा. / आईलाही विचारा.
(आ) त्याने माझेच नाव घेतले नाही. / त्याने माझे नावच घेतले नाही.
२. ‘तिघेही पास झाले’ आणि ‘तिघेच पास झाले’ यांपैकी कोणत्या वाक्यावरून परीक्षेला तिघांहून अधिक जण बसले होते, असे सूचित होते?
३. ‘जेवण झाले पण?’ यातील ‘पण’ उभयान्वयी आहे की निपात? कसोटी लावून सांगा.

४.३ सारांश

‘च’, ‘ही’ आणि ‘पण’ हे निपात आश्रयपदाचे रूप न बदलता त्याला येऊन मिळतात. ‘च’ पर्याय वगळतो. तो उद्देश्याला लागला तर इतर व्यक्ती वा वस्तू, विधेयाला लागला तर संबंध नसण्याची शक्यता, आणि क्रियापदाला लागला तर शंका वगळली जाते. ‘ही’ जोडतो आणि दुसरे काही असल्याचे गृहीत धरतो. हे पूर्वगृहीत नकारात व प्रश्नातही टिकते. निपात ‘पण’ बोलीत ‘ही’चे काम करतो आणि क्रियापदानंतर आश्चर्य वा अधीरता दाखवतो. इंग्रजी आघाताशी या निपातांचे साम्य आहे. परंतु केवळ नवी माहिती देण्यासाठी मराठी निपात वापरत नाही.

४.४ पारिभाषिक शब्द

अवधारण : मर्यादा घालून निश्चित करणे.
आश्रयपद : निपात ज्या पदाला लागतो ते पद.
पूर्वगृहीत : वाक्यात न सांगता धरून चाललेली गोष्ट, नकारात व प्रश्नातही ती कायम राहते.
आघात : उच्चारताना एखाद्या अक्षरावर वा शब्दावर दिलेला जोर.

४.५ स्वयं-अध्ययनासाठी प्रश्नांची उत्तरे

१. (अ) पहिल्यात आईखेरीज इतर वगळले आहेत. दुसऱ्यात आणखी कोणाला तरी विचारायचे आहे, किंवा विचारले आहे, हे गृहीत आहे. (आ) पहिल्यात इतरांची नावे घेतली, नेमके माझे राहिले. दुसऱ्यात माझा उल्लेख मुळीच केला नाही. इतरांची नावे घेतली की नाही, हे त्यातून कळत नाही.
२. ‘तिघेच पास झाले.’ यात तिघांहून अधिक संख्या वगळली आहे. अधिक जण पास होणे शक्य होते, म्हणजेच अधिक जण बसले होते, असे सूचित होते.
३. निपात. आधी विराम नाही, ‘परंतु’ बसत नाही, ‘जेवण झालेसुद्धा?’ असे म्हणता येते.

४.६ सरावासाठी स्वाध्याय

१. घरातील वडीलधाऱ्या व्यक्तीचे सुमारे पाच मिनिटांचे बोलणे, त्यांची परवानगी घेऊन, शब्दशः लिहून काढा. त्यातील ‘च’, ‘ही’ आणि ‘पण’ अधोरेखित करा. प्रत्येक ‘च’पुढे काय वगळले आणि प्रत्येक ‘ही’पुढे काय गृहीत धरले, ते लिहा. ज्या ठिकाणी उत्तर सापडत नाही, ती ठिकाणे वेगळी नोंदवा. त्यांतील काही ‘लगेच’सारखे मुरलेले शब्द असतील, तर काहींचे उत्तर बोलणाऱ्यालाच विचारावे लागेल.
२. ४.२.५ मधील जबानीतील प्रत्येक निपात एकेका पदाने पुढे किंवा मागे सरकवा. कोणती वाक्ये मराठीत बसत नाहीत आणि बसणाऱ्या वाक्यांत हकीगत कशी बदलते, ते स्पष्ट करा.